ऑइलच्या डब्यावरचे दोन आकडे : दहा-तीस, वीस-चाळीस म्हणजे नक्की काय?

प्रश्न : माझी ११० सीसीची बाइक आहे, तीन वर्षं झाली, ३४ हजार किलोमीटर झालेत. राजारामपुरीतून रोज सकाळी सहाला गोकुळ शिरगावला शिफ्टला जातो. गाडीच्या पुस्तकात १०डब्ल्यू-३० ऑइल लिहिलंय, पण आमचे मेकॅनिक काका २०डब्ल्यू-४० टाकतात. म्हणतात, "डब्ल्यू म्हणजे विंटर, कोल्हापुरात काय बर्फ पडतो काय? जाड ऑइल टाक, इंजिन टिकतं." मी समजत होतो की १० म्हणजे थंड असताना पातळ आणि ३० म्हणजे गरम झाल्यावर जाड. कोण बरोबर?

उत्तर :

तुमच्या काकांचं एक वाक्य बरोबर आहे आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकलेला आहे. तुमची समजूत मात्र मुळातूनच बदलायला हवी. वाईट वाटून घेऊ नका. उद्यमनगरात सत्तावीस वर्षं गाड्या उघडतोय, आणि ही समजूत मला गिऱ्हाइकांत जितकी दिसते तितकीच आमच्या धंद्यातल्या माणसांतही दिसते. तेव्हा आधी ती बाजूला करू, मग डब्याकडे वळू.

गरम झाल्यावर जाड होणारं इंजिन ऑइल नाही. कुठल्याही ग्रेडचं घ्या, तापलं की ते पातळच होतं. आपल्याकडच्या माणसाला हे समजावायला काकवीसारखं दुसरं उदाहरण नाही. गुऱ्हाळावर काहिलीतून काढलेली गरम काकवी भांड्यात सरळ धारेने पडते. तीच बरणीत भरून घरी आणा आणि थंडीतल्या सकाळी ओतायला जा, बरणी पालथी केली तरी ती सावकाश सरकत येते. ऑइलचं अगदी तसंच. फरक इतकाच की काकवी जाड झाली तर आपण थांबू शकतो, इंजिनातल्या कॅमला आणि रॉकरला थांबता येत नाही.

मग ३० हा आकडा १० पेक्षा मोठा का? कारण ते एकाच पट्टीवरचे आकडे नाहीत. ही दोन वेगळ्या परीक्षांची दोन वेगळी लेबलं आहेत. एकच ऑइल एकदा कडाक्याच्या थंडीत तपासलं आणि एकदा १०० अंशांवर तपासलं, आणि दोन्हींचे निकाल मध्ये रेघ मारून शेजारी शेजारी छापले. भूगोलाच्या पेपरातले दहा आणि गणिताच्या पेपरातले तीस यांची वजाबाकी करून जसं काही हाती लागत नाही, तसंच इथेही. अमेरिकेतल्या एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने ही पद्धत ठरवली, म्हणून डब्यावर आकड्यांच्या आधी एसएई लिहिलेलं असतं.

आता पहिली परीक्षा. डब्ल्यू म्हणजे विंटर, इथे काका शंभर टक्के बरोबर. पण ही थंडी किती? अनेकांना वाटतं १०डब्ल्यू म्हणजे उणे १० अंश. तसं नाही. एक सोपी युक्ती सांगतो, ती कायम लक्षात राहील. डब्ल्यूच्या आधीच्या आकड्यातून ३५ वजा करा. १० वजा ३५ म्हणजे उणे २५. १०डब्ल्यूचं ऑइल उणे २५ अंशांवर तपासतात. २० वजा ३५ म्हणजे उणे १५, तर २०डब्ल्यूची परीक्षा उणे १५ अंशांवर. एवढ्या थंडीत इंजिन फिरवताना ऑइल किती अडवतं ते एका यंत्रावर मोजतात, आणि ते ठरलेल्या मर्यादेच्या आत असावं लागतं. त्याखेरीज आणखी पाच अंश खाली नेऊन ते पंपाने खेचलं जातंय का तेही बघतात. पंपाला ऑइल ओढताच आलं नाही तर इंजिन सुरू होऊन उपयोग काय, सगळं कोरडंच फिरणार. म्हणून पहिला आकडा जितका लहान, तितक्या जास्त थंडीत ते ऑइल चालतं. त्या आकड्याचा अर्थ एवढाच.

कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीची सकाळ साधारण १४-१५ अंशांची, अगदी कडक पडली तर त्याहून थोडी खाली. उणे १५ आपण जन्मात बघणार नाही. तेव्हा २०डब्ल्यूचं ऑइल इथल्या थंडीत गोठेल, पंप ओढणार नाही, अशी भीती घालणारा माणूस चुकीचं सांगतोय. इथपर्यंत काकांचं म्हणणं मला मान्य आहे.

पण इथेच ते थांबतात, आणि खरा मुद्दा इथूनच पुढे सुरू होतो. त्यासाठी दुसरी परीक्षा समजून घ्यावी लागेल.

रेघेनंतरचा आकडा, म्हणजे तुमच्या पुस्तकातला ३०, हा १०० अंशांवरच्या पातळपणाचा आहे. एका बारीक नळीतून ठरावीक ऑइल स्वतःच्या वजनाने खाली यायला किती वेळ लागतो, त्यावरून ते मोजतात. एकक सेंटिस्टोक. त्याचा अंदाज यावा म्हणून सांगतो, आपल्या घरातल्या तापमानाचं पाणी म्हणजे साधारण १ सेंटिस्टोक. आता ३० ग्रेड म्हणवून घ्यायचं असेल तर १०० अंशांवर ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या मध्ये बसलं पाहिजे. ४० साठी १२.५ ते १६.३. ५० साठी १६.३ ते २१.९. बघा, तापलेल्या इंजिनातलं तीसचं ऑइल पाण्याच्या दहा-बारा पटच जाड असतं. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मलाही विश्वास बसला नव्हता, कारण आपण हातात घेतो ते नेहमी गार ऑइल. आणि हेही बघा, ३० म्हणजे ३० सेंटिस्टोक नव्हे, ३० अंशही नव्हेत. ते त्या खणाचं नाव आहे, बस्स. शिवाय १५० अंशांवर, ऑइल दोन भागांच्या फटीत जोराने घासलं जात असताना त्याचा थर किती जाड राहतो, याचीही वेगळी किमान अट प्रत्येक खणाला असते. बेअरिंग आणि कॅमपाशी ऑइलवर खरोखर जे बेततं त्याच्या ती जवळची आहे.

आता हे दोन्ही तुमच्या सकाळी सहाच्या गाडीवर लावू.

ऑइल कंपन्या प्रत्येक ऑइलचा एक माहितीचा कागद काढतात. त्यात ४० अंश आणि १०० अंश अशा दोन तापमानांचे आकडे असतात. नेहमीच्या बाइकच्या दहा-तीस ऑइलला ४० अंशांवर ७० सेंटिस्टोकच्या आसपास आणि १०० अंशांवर साडेदहाच्या आसपास आकडा असतो. वीस-चाळीसला साधारण १२० आणि साडेचौदा. कंपनीप्रमाणे थोडं मागेपुढे होतं. या दोन बिंदूंवरून कुठल्याही तापमानाचा आकडा काढायची ठरलेली पद्धत आहे. त्या पद्धतीने १५ अंशांवर, म्हणजे तुमच्या जानेवारीतल्या सकाळी, दहा-तीस साधारण २६० सेंटिस्टोक निघतं आणि वीस-चाळीस ५०० च्या थोडं वर.

या आकड्यांत दोन गोष्टी दिसतात. पहिली, दहा-तीससुद्धा सकाळी गार असताना तापलेल्यापेक्षा पंचवीस पट जाड आहे. म्हणजे "थंड असताना पातळ" असं कधीच नव्हतं, "थंड असताना कमी जाड" एवढंच खरं. दुसरी, तापल्यावर या दोन ऑइलांत साडेदहा आणि साडेचौदा एवढाच फरक आहे, पण सकाळी सहाला वीस-चाळीस दहा-तीसच्या दुप्पट जाड असतं. पहिल्या आकड्याची परीक्षा उणे २५ अंशांची असली तरी तिचा परिणाम १५ अंशांनाही दिसतो, तो असा. बर्फ पडत नाही म्हणून पहिला आकडा बिनकामाचा, हा निष्कर्ष म्हणूनच टिकत नाही. इंजिनाच्या दृष्टीने कोल्हापूरची सकाळही थंडच आहे, कारण इंजिनाला हवं असलेलं तापमान १०० च्या आसपास आहे आणि आपण त्यापासून ८५ अंश खाली उभे आहोत.

याने इंजिन लगेच खराब होतं का? नाही. मी खोटं सांगणार नाही. वीस-चाळीस घालून लाखभर किलोमीटर चाललेल्या छोट्या गाड्या मी पाहिल्यात. पण गार, जाड ऑइलचा त्रास कुठे दिसतो ते एका गाडीवरून सांगतो, म्हणजे आकडे कोरडे वाटणार नाहीत.

पन्हाळ्याच्या पायथ्याकडचे एक दूधवाले काका आहेत. गाडी तुमच्यासारखीच ११० सीसी, दोन्ही बाजूंना कॅन, पहाटे साडेचारला निघायचं. एका डिसेंबरात ते गाडी घेऊन आले. तक्रार अशी : सकाळी पहिला गिअर टाकला की धाडकन आवाज येतो, गाडी क्लच दाबलेला असतानाही पुढे झेपावते, कधी कधी बंद पडते. सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. दोन-तीन किलोमीटर गेलं की सगळं आपोआप सुरळीत. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये दोनदा क्लच ॲडजस्ट करून झालं होतं, आणि आता क्लच प्लेटा बदलायला सांगितल्या होत्या.

मला "आपोआप सुरळीत" या दोन शब्दांनी थांबवलं. झिजलेली प्लेट गाडी तापली म्हणून बरी होत नाही, आणि झिजलेल्या प्लेटा घसरतात, चिकटत नाहीत. पिकअप घेताना इंजिन ओरडतं आणि गाडी मागे राहते, ते प्लेटा गेल्याचं लक्षण. इथे उलट होतं, क्लच सुटत नव्हता. तापल्यावर जो दोष जातो त्यात पहिला संशय ऑइलवर.

मी गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवून घेतली. सकाळी आधी लिव्हरचा ढिलेपणा पाहिला, टोकाला १०-२० मिलिमीटर खेळ असावा, तो बरोबर होता. म्हणजे केबलचा दोष नाही. मग गाडी डबल स्टँडवर घेऊन सुरू केली, क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकला. मागचं चाक फिरत होतंच, वर ब्रेक लावला तर इंजिन दबून बंद पडू पाहत होतं. दहा मिनिटं गाडी चालवून आणली आणि तीच परीक्षा पुन्हा केली. आता ब्रेकने चाक सहज थांबलं, इंजिनाला पत्ताही नाही.

त्यांना विचारलं, ऑइल कोणतं? काकांनी डबा जपून ठेवला होता, दुधाच्या हिशेबाला लागेल म्हणून. त्यावर २०डब्ल्यू-५०. "ओझं असतं, जाड घाला" असं सांगून घातलेलं. वीस-पन्नासचा १५ अंशांचा आकडा काढला तर तो ७०० च्या वर जातो. म्हणजे पुस्तकातल्या ऑइलच्या जवळजवळ तिप्पट जाड. आपल्या बाइकचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो. क्लच दाबला की प्लेटा एकमेकींपासून केसभर अंतराने सुटतात, आणि त्या फटीत ऑइल असतं. ते ऑइल काकवीसारखं असेल तर एक प्लेट दुसरीला त्या ऑइलमधूनच ओढत राहते. क्लच दाबूनही पूर्ण सुटत नाही तो असा.

इंजिन गरम असतानाच ड्रेन बोल्ट काढला, गाडी सरळ धरून ऑइल पूर्ण निथळू दिलं, जाळी साफ केली आणि पुस्तकाप्रमाणे ८०० मिलिलिटर दहा-तीस भरलं. दुसऱ्या दिवशी पहाटे काकांचा फोन आला, गिअर लोण्यासारखा पडला म्हणून. क्लच प्लेटा आजही त्याच आहेत. पेट्रोलची वही ते ठेवतात, तिच्यात पुढच्या महिन्यात लिटरमागे दोन-तीन किलोमीटर जास्त दिसले. पण ते सगळं श्रेय मी ऑइलला देत नाही, त्याच सुमारास टायरची हवाही नीट केली होती.

क्लच हा बाहेरून कळणारा भाग. आत न दिसणारा भाग म्हणजे हेड. ऑइल खालच्या चेंबरमधून पंपाने वर कॅम आणि रॉकरपर्यंत जातं, आणि सगळ्यात शेवटी तिथे पोचतं. जाड ऑइल तिथे उशिरा पोचतं. सकाळी सुरू केल्यावर टॅपेटची टकटक काही सेकंद जास्त रेंगाळते ती यामुळे. तुमचे मेकॅनिक काका म्हणतात जाड ऑइल इंजिन टिकवतं, तर जाड थर जास्त भार सोसतो हे त्यात खरं आहे. पण तो थर तिथे पोचायला हवा, आणि इंजिन बनवणाऱ्याने बेअरिंगच्या फटी आणि पंप ज्या जाडीसाठी बनवलाय त्याच जाडीचा हवा. तुमच्या इंजिनासाठी १०० अंशांवर ९.३ ते १२.५ पुरतं हे त्याने हजारो तास इंजिन चालवून ठरवलंय. त्यापेक्षा जाड ऑइल ढवळायला जी ताकद लागते ती फुकट जाते आणि उष्णता होऊन ऑइललाच तापवते.

मग याच न्यायाने कुणी विचारेल, पहिला आकडा जितका लहान तितकं चांगलं ना? कारचं ५डब्ल्यू-४० किंवा ०डब्ल्यू-४० घालू का? इथे थांबा.

दोन आकड्यांत अंतर जितकं जास्त, तितकं ऑइलला तापमानातले बदल जास्त सोसावे लागतात. गार असताना फार जाड व्हायचं नाही आणि तापल्यावर फार पातळही व्हायचं नाही. हे साधायला उत्तम प्रतीचं मूळ तेल लागतं, किंवा मग त्यात एक पॉलिमर मिसळतात. हे पॉलिमर म्हणजे लांबच लांब धाग्यांसारखे रेणू. गार असताना ते गुंडाळून बसतात, ऑइलला फारसे अडवत नाहीत. तापले की उलगडून पसरतात आणि ऑइलला फार पातळ होण्यापासून धरून ठेवतात. मल्टिग्रेडची सगळी करामत ही आहे. ऑइल जाड होत नाही, त्याचं पातळ होणं धीमं होतं.

पण धागा तुटतो. कारमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं. आपल्या बाइकमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर तिन्ही एकाच ऑइलमध्ये. गिअरच्या दातांमध्ये ते लांब रेणू कात्रीत सापडल्यासारखे तुटतात. तुटलेला रेणू पुन्हा जोडला जात नाही. मग जे ऑइल नवं असताना १०० अंशांवर १३ होतं ते दोन हजार किलोमीटरनंतर १२ च्या खाली आलेलं असू शकतं, म्हणजे डब्यावर ४० आणि चेंबरमध्ये ३०. पॉलिमरवर भिस्त असलेलं, मोठ्या अंतराचं ऑइल यात लवकर खचतं. शिवाय कारच्या अनेक ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात, ती ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला घसरवतात. म्हणून गिअरच्या बाइकला डब्यावर दोन आकड्यांशिवाय जासो या जपानी मानकाचं एमए किंवा एमए२ हे लिहिलेलं बघायचंच. स्कूटरचा क्लच कोरडा आणि गिअरचं ऑइल वेगळं, म्हणून तिथे जासो एमबी चालतं. ते स्वस्त मिळालं म्हणून बाइकमध्ये घालू नका.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगतो, नाहीतर कुणीतरी माझं उत्तर दाखवून सगळ्याच गाड्यांत दहा-तीस ओतेल. दहा-तीस हे तुमच्या गाडीसाठी. रॉयल एनफील्डच्या ३५० सीसी गाड्यांना कंपनीच १५डब्ल्यू-५० सांगते, कारण ते इंजिन वेगळं, फटी वेगळ्या, उष्णता वेगळी. तिथे दहा-तीस घालणं तितकंच चुकीचं. काही पुस्तकांत एकच ग्रेड नसते, तापमानाच्या पट्ट्यांचा तक्ता असतो आणि त्यात दोन-तीन ग्रेड चालतात. तुमच्या तक्त्यात वीस-चाळीस असेल तर काकांनी काही गुन्हा केलेला नाही. तक्ता असेल तर आधी रेघेनंतरचा आकडा बघा, तो उन्हाळा, घाट आणि ओझं यांच्याशी बांधलेला असतो. मग पहिला आकडा सकाळच्या थंडीप्रमाणे निवडा.

जुन्या, ऑइल खाणाऱ्या इंजिनाची गोष्ट निराळी. रिंगा झिजल्या की पातळ ऑइल वर जाऊन जळतं, तिथे एक ग्रेड जाड घातलं तर खप कमी होतो. मीही घालून देतो, पण गिऱ्हाइकाला सांगून, की हा उपचार नाही, बोअरचं काम काही महिने पुढे ढकललंय. तुमची गाडी त्या अवस्थेत आहे का ते ओळखणं अवघड नाही. सपाट जागी, गाडी सरळ उभी करून, इंजिन बंद केल्यावर दोन-तीन मिनिटांनी डिपस्टिक बघा. बहुतेक गाड्यांत ती आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते, पुस्तकात पाहा. वरच्या खुणेला भरा आणि दर ५०० किलोमीटरला बघून लिहून ठेवा. पिकअप घेताना मागून निळा धूर आणि पातळी भराभर खाली, असं असेल तर रिंगा. फक्त सकाळी सुरू करताना एकदाच निळा धूर आणि मग काही नाही, तर बहुधा व्हॉल्व्हचे सील. ३४ हजारांवर, वेळच्या वेळी ऑइल बदललेल्या गाडीत दोन्हींची शक्यता कमी. उलट पातळी वाढलेली दिसली आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, तर पेट्रोल झिरपून ऑइल पातळ झालंय. तिथे ग्रेड बदलून काहीच होणार नाही, कार्ब्युरेटर किंवा इंजेक्टर बघावा लागेल.

एक सवय मात्र सोडा, आणि जमलं तर काकांनाही सांगा. काढलेलं ऑइल दोन बोटांत चोळून "अजून दम आहे" असं ठरवू नका. बोटांत घेतो तेव्हा ते तीस-पस्तीस अंशांना असतं. १०० अंशांवर त्याचं काय झालंय ते बोटांना कळत नाही. काळ्या रंगावरूनही जाडी कळत नाही, काळं होणं म्हणजे ते काजळी धरून ठेवतंय, ते त्याचं कामच आहे. किलोमीटर आणि महिने मोजून बदला.

तर तुमच्यासाठी असं : आत्ताचं वीस-चाळीस घाईने काढून टाकायची गरज नाही, त्याचे किलोमीटर पूर्ण करा. पुढच्या वेळी जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं १०डब्ल्यू-३० स्वतः घेऊन जा, इंजिन गरम असताना जुनं काढायला सांगा, आणि पुस्तकात "ऑइल बदलताना" म्हणून जो आकडा दिलाय तेवढंच भरा. तिथे दुसरा, मोठा आकडाही असतो, तो इंजिन पूर्ण उघडल्यावरचा. अनेक ठिकाणी तोच भरून पातळी वर जाते. बदलायच्या आधीच्या दोन सकाळी आणि नंतरच्या दोन सकाळी पहिला गिअर टाकताना कसा आवाज येतो आणि टॅपेट किती वेळ वाजतात ते नीट ऐका, आणि मला इथेच कळवा. फरक पडला नाही तर क्लचच्या केबलपासून पुन्हा सुरुवात करू.